बचतीच्या हिशेबात झोपेचा रकाना

पाच वर्षांत ५० लाख रुपये साठवायचे, असे मी ठरवले होते. हातात येणाऱ्या १ लाख १० हजारांपैकी ७० हजार बाजूला पडावेत म्हणून पुण्यातल्या चंदननगरची खोली सोडून मी तळेगावला राहायला गेले. प्रवासखर्च वजा जाता महिन्याला ८,००० रुपये वाचू लागले. खराडीचे ऑफिस मात्र आधी २५ मिनिटांवर होते, ते लोकल आणि बस धरून पावणेदोन तासांवर गेले.

या ८,००० रुपयांचा हिशेब मी दीड वर्षाने मांडला. रोजचे २ तास ४० मिनिटे जास्तीचे, कामाचे २२ दिवस, म्हणजे महिन्याला सुमारे ५९ तास. ऑफिसात ज्या तासाचे मला सव्वासहाशे रुपये मिळतात, तोच तास मी १३६ रुपयांना विकत होते, आणि तोही झोपेतून काढून.

शरीराने आधीच इशारा दिला होता. पहाटे पावणेपाचचा गजर, रात्री साडेअकराला डबा घासणे, आणि तपासणीत HbA1c ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. जागतिक आरोग्य संघटना बर्नआउटला आजार न म्हणता कामाशी निगडित अवस्था मानते आणि तिची तीन लक्षणे सांगते: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा येणे आणि कामाचा दर्जा घसरणे. थकवा मला कळत होता, दुरावा कळला नाही. ज्या प्रकल्पातून बढती मिळाली असती, तो मी ‘नको’ म्हणून सोडला तेव्हा तो मला समंजसपणा वाटला होता.

मग उलट गणित केले. ८ टक्के परतावा धरला, तर ७० हजारांनी ५० लाखांना सुमारे ५९ महिने लागतात आणि ६२ हजारांनी ६५. फरक सहा महिन्यांचा. याउलट, थकून सहा महिने बिनपगारी घरी बसावे लागले, तर ४ लाख २० हजारांची बचत बुडते आणि घरखर्चाचे २ लाख ४० हजार साठवणीतून जातात. ती तूट भरून काढायलाच नऊ महिन्यांहून अधिक काळ लागतो. माझी तेव्हाची शिल्लक होती १८ लाख, तर आजच्याच पगाराने पुढच्या १५ वर्षांची कमाई होते जवळपास २ कोटी. ही कमाई ज्या शरीरावर उभी आहे, त्याची नोंद मालमत्तेच्या यादीत कुठेच नव्हती.

आरोग्याची किंमत रुपयांत लावण्याचा खटाटोप मी करत नाही. महिनाअखेरीस पीएफ, एफडी आणि फंडांच्या आकड्यांखाली सरासरी झोप आणि आजारपणाच्या सुट्ट्या लिहिते, आणि दर सहा महिन्यांनी HbA1c. झोप सलग दोन महिने सहा तासांखाली गेली, तर पुढच्या महिन्यात एसआयपी कमी करायची, हे आधीच ठरलेले आहे, कारण थकलेल्या माणसाला तो निर्णय आयत्या वेळी घेता येत नाही. क्रेडिट कार्डाचे कर्ज डोक्यावर असेल तर काही महिने ओढाताण सोसावीच लागते. मात्र तिची शेवटची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवावी.

मार्चमध्ये मी चंदननगरला परतले. या महिन्याच्या नोंदीत बचत ६२ हजार आहे आणि झोप ६ तास ५० मिनिटे.