पहिलं पुस्तक बुखारी नव्हे

"उस्ताद, अस्सलामु अलैकुम. मला फिकह शिकायला सुरुवात करायची आहे. पण एक मजकूर सगळीकडे फिरतोय: 'कोणताच मजहब धरू नका. इमाम शाफईंनी स्वतः सांगितलंय, सहीह हदीस मिळाली की तोच माझा मजहब. थेट बुखारी उघडा, चारही इमामांचं पटेल ते घ्या, पुरावे नसलेली छोटी पुस्तकं सोडा.' मग मी मजहब कोणता धरू आणि पहिलं पुस्तक कोणतं घेऊ?"

व अलैकुम अस्सलाम. इमाम शाफईंचं ते वाक्य खरं आहे. ते कुणासाठी आहे, एवढंच त्या मजकुरातून गळलंय. इमाम नववी शाफई मजहबचेच मोठे आलिम. 'अल-मजमू'च्या प्रस्तावनेत ते लिहितात की सहीह हदीस दिसली म्हणून कुणीही उठून 'हाच शाफईंचा मजहब' म्हणू शकत नाही. त्यासाठी इज्तिहादचा, म्हणजे कुरआन-हदीसमधून स्वतः हुकूम काढण्याचा दर्जा हवा, आणि ती हदीस शाफईंपर्यंत पोचलीच नव्हती अशी बऱ्यापैकी खात्री हवी. ती खात्री त्यांची सगळी पुस्तकं पाहिल्याशिवाय होत नाही.

यात खुद्द शाफईंचे शिष्यही चुकले आहेत. रोजा असताना तुंबडी लावून रक्त काढलं, तर रोजा तुटतो का? एका हदीसमध्ये स्पष्ट शब्द आहेत: तुंबडी लावणारा आणि लावून घेणारा, दोघांचा रोजा तुटला. इब्न अबिल जारूद या शिष्याने ती हदीस सहीह मानली आणि गुरूंच्या वाक्याचा आधार घेऊन हाच शाफईंचा मजहब असल्याचं सांगितलं. पण शाफईंना ती हदीस चांगली ठाऊक होती. त्यांनी ती जाणूनबुजून बाजूला ठेवली होती, कारण इब्न अब्बास यांच्या हदीसनुसार पैगंबरांनी स्वतः रोजात तुंबडी लावून घेतली. पहिली गोष्ट मक्का जिंकली त्या वर्षीची, हिजरी ८ ची. दुसरी शाफईंच्या मते हिजरी १० च्या हजमधली. म्हणून नंतरच्या हदीसने आधीचा हुकूम रद्द झाला, असं त्यांनी ठरवलं.

आता तू थेट बुखारी उघडलीस असं धर. तुंबडीच्या प्रकरणात तुला दोन्ही बाजू दिसतील. पहिली हदीस तर शीर्षकाखालच्या नोंदीत अर्धवट सनदेसह, म्हणजे ती सांगणाऱ्यांची साखळी पूर्ण न देता येते. कोणती आधीची आणि कोणती नंतरची, हे तिथे तुला कोण सांगणार? शिवाय हंबली मजहबचे इमाम अहमद यांना दुसऱ्या हदीसमधला 'रोजात' हा शब्दच पक्का वाटत नव्हता, म्हणून हंबली मजहबात तुंबडीने रोजा तुटतो आणि बाकी तिघांत तुटत नाही. दोन्हीकडे हदीसच आहे. फरक पडतो तो तिच्या तपासणीत, आणि ती तपासणी करायला वर्षं लागतात. बुखारी वाचायचीच आहे, पण त्या वर्षांनंतर.

'पटेल ते घ्या' यातली अडचण वजूमध्ये लगेच कळते. हनफींच्या मते अंगातून रक्त वाहिलं की वजू तुटतो, शाफईंच्या मते तुटत नाही. बायकोच्या अंगाला थेट स्पर्श झाला तर शाफईंकडे वजू तुटतो, हनफींकडे नाही. एखाद्याचं रक्त वाहिलं, बायकोला हातही लागला, आणि त्याने रक्तापुरतं शाफईंचं व स्पर्शापुरतं हनफींचं घेऊन नमाज पढली, तर ती नमाज दोन्ही मजहबांत बिनवजूची ठरते.

राहिली छोटी पुस्तकं. त्यांत पुरावे गाळलेत ते मुद्दाम, आधी मसला डोळ्यांसमोर उभा राहावा म्हणून. घाईने 'हिदाया' हे हनफींचं पुराव्यांसह लिहिलेलं मोठं पुस्तक उघडणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यात बहुधा दुसऱ्यांचे पुरावे आधी येतात आणि लेखकाला मान्य असलेली बाजू शेवटी. हे ठाऊक नसलं की मुलगा पहिलाच पुरावा हनफी मत म्हणून पाठ करतो. वजूचे फर्ज किती असं विचारलं तर मात्र अडखळतो.

तर मजहब असा निवड: तुझ्याजवळ समोर बसवून शिकवणारा उस्ताद ज्या मजहबचा असेल तो घे. चारांमधला सर्वांत बळकट कोणता हे तोलायचं काम आज तुझं नाही, आणि ज्याचा शिक्षकच नाही तो मजहब पुस्तकातून धरता येत नाही. उस्ताद शाफई असतील तर आधी 'सफीनतुन्नजा' आणि मग अबू शुजा यांचा मतन. हनफी असतील तर 'नूरुल ईझाह' आणि मग 'कुदूरी'. दोन्हीकडचं पहिलं पुस्तक इबादतीपुरतंच आहे. खरेदी-विक्री आणि निकाह दुसऱ्यात येतात, म्हणून पहिल्यावर थांबू नकोस.

एक प्रकरण उस्तादांसमोर मोठ्याने वाच, मग पुस्तक मिटून तोच मसला तुझ्या शब्दांत सांग. वजूचं प्रकरण झालं की त्यांच्यासमोर वजू करून दाखव, आणि प्रत्येक कृतीला ती फर्ज की सुन्नत ते बोलत जा. जिथे अडशील, तिथून पुन्हा वाच.