तीस वर्षं पहिल्या ओळीत नकोत

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांना माणसं शोधून देणं हे माझं काम. त्यामुळे पन्नाशी ओलांडलेल्यांचे बायोडेटा माझ्याकडे सतत येतात. बहुतेकांच्या सारांशाची पहिली ओळ थोड्याफार फरकाने सारखीच असते: ‘तीस वर्षांहून अधिक समृद्ध अनुभव असलेला मेहनती, निष्ठावान व्यावसायिक.’ ही ओळ काढून टाका, असं मी प्रत्येकाला सांगतो. त्या ओळीतून तुमच्या कामाबद्दल काहीही कळत नाही, वय मात्र लगेच कळतं.

पहिली चाळणी लावणारी एचआरमधली मुलगी किंवा मुलगा बहुतेक वेळा तिशीच्या आतबाहेरचा असतो. त्याच्या मनात तुमच्याविषयी राग वगैरे काही नसतो. त्याला तीन शंका असतात. हे महाग पडतील का? जुन्याच पद्धतीने काम करतील का? आणि स्वतः काम करतील की केबिनमध्ये बसून सह्या करतील? ‘तीस वर्षं’ हा आकडा या तिन्ही शंकांना खतपाणी घालतो आणि उत्तर एकाचंही देत नाही. अमेरिकेत चाळिशीपुढच्या उमेदवाराला केवळ वयामुळे नाकारू नये यासाठी १९६७ सालापासून कायदा आहे. आपल्याकडे खासगी नोकरीसाठी तसा कायदा नाही, जाहिरातीत उघडपणे ‘वय ३५ पर्यंत’ छापलेलं असतं. म्हणून या शंका कागदावरच, पहिल्या चार-पाच ओळींत मिटवाव्या लागतात.

माझ्या मावसभावाचं उदाहरण देतो. आम्ही त्याला दादा म्हणतो, वय ५३. मेकॅनिकलचा डिप्लोमा, भोसरीत इन्स्पेक्टर म्हणून सुरुवात, आणि शेवटी अ‍ॅल्युमिनियम डायकास्टिंगच्या प्लांटमध्ये क्वालिटी हेड. कंपनीने ती लाइन दुसऱ्या राज्यात हलवली आणि याची नोकरी गेली. त्याचा सारांश अकरा ओळींचा होता. त्यात १९९३ पासूनचा प्रवास होता, क्यूएस ९००० होतं, टीएस १६९४९ होतं, ‘एमएस ऑफिसचं ज्ञान’ होतं, आणि शेवटी ‘आव्हानात्मक पदाच्या शोधात’.

या क्षेत्रातला माणूस वाचताना काय पाहतो ते सांगतो. वाहन उद्योगातलं क्यूएस ९००० हे गुणवत्तेचं मानक २००६ मध्येच संपलं. टीएस १६९४९ ची जागा २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ ने घेतली. दादाने त्यानंतर आयएटीएफची ऑडिटं स्वतः दिली होती, पण सारांशात जुनी नावं राहून गेली होती. म्हणजे जन्मतारीख न देताही वय दिसत होतं, आणि वयापेक्षा वाईट म्हणजे माणूस मागेच थांबलाय असं दिसत होतं. एफएमईएचं, म्हणजे बिघाडाच्या शक्यता आधीच शोधण्याच्या पद्धतीचंही तेच. २०१९ च्या नव्या हँडबुकने जोखमीचा आकडा काढणारा आरपीएनचा गुणाकार सोडून ‘अ‍ॅक्शन प्रायॉरिटी’ आणली. दादा रोज त्याच पद्धतीने काम करत होता, पण लिहिताना ‘आरपीएन कमी केला’ असंच लिहायचा. क्वालिटीच्या माणसाला हा एक शब्द पुरतो.

मी त्याला म्हटलं, “दादा, गेल्या दहा वर्षांत तुझ्या प्लांटमध्ये असं काय झालं, जे तू नसतास तर झालं नसतं?” तो चिडला. “अरे, तीस वर्षं घासली आहेत मी. ती पुसून टाकायची का?” पुसायची अजिबात नाहीत. पण तीस वर्षांचा हिशेब देणं हे सारांशाचं कामच नाही. समोरच्या कंपनीची आत्ताची अडचण तुम्ही सोडवू शकता, एवढं त्याने सांगितलं की झालं.

दोन संध्याकाळी बसून नवा सारांश झाला. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देतो: ‘अ‍ॅल्युमिनियम डायकास्ट आणि मशीनिंग प्लांटचा क्वालिटी हेड. मोटर हाउसिंगमधल्या पोरॉसिटीमुळे लीक टेस्टला होणारं रिजेक्शन साचा, व्हेंटिंग आणि शॉट पॅरामीटर बदलून नऊ टक्क्यांवरून अडीचवर आणलं. बीएस ६ च्या बदलात नव्या भागांचे पीपीएपी ग्राहकाच्या तारखेला मंजूर करून घेतले. आयएटीएफ १६९४९ ऑडिट आणि ग्राहकाच्या तक्रारींचे ८डी स्वतः हाताळतो. चार तरुण इंजिनिअर तयार केले, त्यातले दोघे आज लाइन सांभाळतात.’

यात वर्षांचा आकडा कुठेच नाही, पण तिन्ही शंकांना उत्तर आहे. नऊवरून अडीच टक्के म्हटल्यावर मालक स्वतःच हिशेब करतो की हा माणूस महाग पडेल की स्वस्त. मोटर हाउसिंग हा इलेक्ट्रिक गाड्यांचा भाग, त्यामुळे माणूस आजच्या कामात आहे हे कळतं. ‘स्वतः हाताळतो’ हे दोन शब्द केबिनची शंका घालवतात. आणि पोरॉसिटीचं, म्हणजे धातूत राहणाऱ्या बारीक छिद्रांचं, कारण साच्यात आहे की शॉटमध्ये, हे भाग कापून पाहून ओळखणारी नजर तीस वर्षांशिवाय येत नाही, हे जाणकाराला न सांगता समजतं.

काही जण ‘तीस’च्या जागी ‘पंधरा वर्षांहून अधिक’ असं लिहितात. शब्दशः खोटं नाही, पण मला ते पटत नाही. मुलाखतीत खरा आकडा निघतो आणि समोरच्याला फसवल्यासारखं वाटतं. आकडा सारांशात नको, पण पोर्टलवर ‘एकूण अनुभव’ विचारतात तिथे खराच भरा. हल्ली पार्श्वभूमी तपासणीत पीएफच्या यूएएन खात्यावरून जुन्या नोकऱ्यांच्या तारखा बघतात. गाळणं वेगळं आणि बदलणं वेगळं.

गाळायचंच तर सगळीकडे सारखं गाळा. डिप्लोमाचं साल काढलं आणि खाली पहिली नोकरी १९९३ ची ठेवली, तर उपयोग काय? शेवटची बारा-पंधरा वर्षं तारखांसकट लिहा. त्याआधीचं ‘पूर्वीचा अनुभव’ या मथळ्याखाली कंपनी आणि पद एवढंच, दोन-तीन ओळींत. जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, वडिलांचं नाव, फोटो, तळाची ‘वरील माहिती सत्य आहे’ ही घोषणा, यातलं काहीही लागत नाही. ईमेलच्या पत्त्यात जन्मसाल असेल तर पत्ता नवा घ्या.

सारांश चालतोय की नाही हे ओळखता येतं. फोनच येत नसतील तर आधी अर्ज कुठे करताय ते पाहा. ‘आठ ते बारा वर्षं’ असं लिहिलेल्या जागेवर पोर्टलचा फिल्टरच तुम्हाला बाहेर ठेवतो, तिथे कितीही चांगला सारांश कुणी वाचत नाही. अशा ठिकाणी ओळखीतून थेट प्लांट हेडपर्यंत कागद पोहोचवावा लागतो. जागा योग्य असून फोन नसेल तर सारांश बदला. फोन येऊन पगाराच्या प्रश्नावर गाडी अडत असेल, तर मात्र सारांशाला हात लावू नका, अपेक्षेचा आकडा तपासा. मुलाखत घेणाऱ्याने “ते पोरॉसिटीचं नेमकं काय केलंत?” असं विचारलं, की ओळ लागू पडली.

एक गोष्ट कुठलाही सारांश सोडवत नाही. पुष्कळ कंपन्यांत निवृत्ती ५८ व्या वर्षी असते, आणि ५३ च्या माणसाकडे पाहताना एचआर तोच हिशेब करतं. ते कागदावर लिहू नका, पण पहिल्या फोनवर विषय निघाला तर टाळूही नका. दादाने रांजणगावच्या एका मध्यम कारखान्याला सरळ सांगितलं: पाच वर्षं पूर्ण वेळ, त्यातली शेवटची दोन वर्षं माझ्या जागी बसणारा माणूस तयार करण्यासाठी, आणि हवं तर पहिलं वर्ष करारावर. त्यांनी करारावर घेतलं. पगार आधीपेक्षा कमी आहे, आणि काम त्याच्या आवडीच्या साच्यांवरचं आहे.