पहिली पाच पत्रं बरोबर निघाली, पुढची कोण बघणार?

*“एक्सेलच्या यादीवरून वर्डमध्ये मेल मर्जने प्रत्येकाच्या नावाचं पत्र पाठवण्याआधी काय तपासावं, हा तुमचा लेख वाचला. तीनशे क्लायंटना मेल टाकायचे तर तुमच्या पद्धतीने अर्धा दिवस तपासण्यातच जाईल. मी प्रिव्ह्यूमध्ये पहिली पाच-सात पत्रं बघतो, एक स्वतःला पाठवतो आणि मोकळा होतो. सियागंजात वर्षानुवर्षं हिशेबाचं काम करतोय. नाव चुकलं तर माणूस फोन करून सांगतो, त्यात एवढं काय?”*

नमस्कार. वेळेबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे, लेखात तपासण्या जरा जास्तच झाल्या. पण पाच-सात पत्रांवर मात्र माझा विश्वास नाही. त्यांतून फक्त मजकुराचा साचा तपासला जातो. घोळ असतो यादीत, आणि तो पहिल्या पाच ओळींतच असेल असं थोडंच आहे?

आपल्याकडची नेहमीची यादी घ्या. १५ डिसेंबरच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सची आठवण पाठवायची आहे. एक्सेलमध्ये पूर्ण नाव एकाच रकान्यात आहे. कोणीतरी पहिला शब्द वेगळा काढला आणि वर्डमध्ये `Dear … ji` असं बसवलं. इंदूरमध्ये ‘जी’ लावल्याशिवाय पत्र पुरं होत नाही, ते ठीकच. वरची नावं सरळ, म्हणून प्रिव्ह्यू छान दिसतो. खाली मात्र कुठे `Dear M/s ji`, कुठे `Dear Dr. ji`, आणि वारसामार्फत चालणाऱ्या मयताच्या फाईलला `Dear Late ji`. हे शेवटचं ज्या घरात जाईल, तिथून फोन येणार नाही. ते गुपचूप दुसरा सल्लागार शोधतील.

याला सोपा उपाय आहे आणि तो तुमच्या यादीतच पडलेला असतो: पॅन. त्याचं चौथं अक्षर सांगतं की हा कोण आहे. `P` म्हणजे व्यक्ती, `H` म्हणजे हिंदू अविभक्त कुटुंब, `F` फर्म, `C` कंपनी, `T` ट्रस्ट. म्हणून पहिल्या शब्दावरून अंदाज बांधण्यापेक्षा संबोधनाचा तयार रकाना एक्सेलमध्येच करावा. `P` नसेल तिथे सरसकट ‘Dear Sir/Madam’ लिहावं. `P` असेल तिथे श्री की श्रीमती हे पॅन सांगत नाही, आणि माणूस हयात आहे की नाही तेही नाही. ते हातानेच भरावं लागतं. मग त्या रकान्यावर फिल्टर लावून ड्रॉपडाऊन उघडा. प्रत्येक संबोधन तिथे एकदाच दिसतं, त्यामुळे विचित्र असेल ते लगेच डोळ्यांत भरतं आणि रिकाम्या ओळी `(Blanks)` म्हणून तळाशी येतात. तीनशे नावांनाही पाच मिनिटं पुरतात.

आता खरी भीती वाटावी अशी चूक. एक्सेलमध्ये फक्त नावांचा रकाना निवडून सॉर्ट केला की तो विचारतो, बाकीचे रकानेही घेऊ का? घाईत `Continue with the current selection` दाबलं गेलं, तर नावं सरकतात, रकमा आणि मेल आयडी जागेवर राहतात. एकही जागा रिकामी नाही, प्रत्येक पत्र वाचायला नीटनेटकं. फक्त जैनांच्या रकमेवर पटवर्धनांचं नाव, आणि ते पत्र जैनांच्या पेढीत उघडतं. स्वतःला पाठवलेल्या पत्रात हे कसं कळणार?

इथेही पॅनच कामी येतो. व्यक्तीच्या पॅनचं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, बाकीच्यांच्या बाबतीत नावाचं. समजा `B` मध्ये आडनाव (किंवा फर्मचं नाव, पण `M/s` काढून) आणि `C` मध्ये पॅन आहे:

```
=MID(C2,5,1)=LEFT(TRIM(B2),1)
```

हे खालपर्यंत ओढा. यादी धड असेल तर बहुतेक `TRUE` येतात. तुरळक `FALSE` येणारच: लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायका, किंवा `Wagh` आणि `Vagh` अशा स्पेलिंगचा घोळ. ते एकेक बघून सोडून द्या. पण रांगेने `FALSE` दिसायला लागले, तर रकाना सरकलाय हे समजा. मग ओळी दुरुस्त करत बसू नका, सॉर्ट करण्याआधीची प्रत उघडा.

यातून एक गोष्ट निसटते. नाव आणि पॅन दोन्ही एकत्र सरकले आणि मेल आयडी तेवढे मागे राहिले, तर हे सूत्र सगळं `TRUE` दाखवेल. म्हणून नाव आणि मेल आयडी शेजारी ठेवून एकदा वरपासून खालपर्यंत नजर फिरवावी. बऱ्याच पत्त्यांत आडनाव असतंच, चार-पाच ओळी लागोपाठ विसंगत दिसल्या की कळतं. तेवढं झालं की तुमची पाच-सात पत्रं खुशाल बघा, साच्यासाठी ती हवीतच.