शनिवारचं तिकीट काढू नका हो वहिनी

आज सकाळी कमाटीबागेत चालताना आमच्या ग्रुपमधल्या एका वहिनींनी सांगितलं की त्यांच्या मुलाचा पासपोर्ट अमेरिकेत हरवला. मुलगा शिकागोला एमएस करतोय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "काळजीचं काही नाही, इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळतं. एजंट म्हणाला, दोन-चार दिवसांचं काम. शनिवारचं तिकीट बघतोय. घरी येईल, इथे नवीन पासपोर्ट काढू, मग जाईल परत." बाकीच्या सगळ्या लगेच, "बरं झालं बाई, येऊ दे लेकराला घरी."

मी तिथेच बाकावर बसले. हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मी स्वतः फोनवर ओरडून बोलले होते. "ईसी घे आणि पहिल्या विमानाने ये."

आमची धाकटी तेव्हा टेक्ससमध्ये शिकत होती. फेब्रुवारीतली शुक्रवारची रात्र तिथली, आपल्याकडे शनिवार सकाळ. मी देवापाशी दिवा लावत होते आणि तिचा फोन आला, आवाजच फुटत नव्हता. बँकेत खातं बदलायला पासपोर्ट घेऊन गेली, येताना बस, मग लायब्ररी, आणि खोलीवर आल्यावर पिशवीत पासपोर्ट नाही. आईला दुसरं काय सुचणार? घरी ये, एवढंच.

ती आली नाही, कारण सोमवारी तिच्या युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमधल्या बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं की देश सोडू नकोस. त्या बाईंना मी कधी पाहिलं नाही, पण दिवाळीला अजून त्यांची आठवण काढते.

आता हे नीट वाचा, कारण आपल्या बडोद्यातल्या दर तिसऱ्या घरातलं कुणीतरी बाहेर शिकतंय. ईसी म्हणजे घरी पोचवणारा कागद. एका बाजूचा. त्यावर फक्त भारतात येता येतं, उतरलात की त्याचं काम संपलं. तो पासपोर्ट नाही, त्यावर व्हिसा लागत नाही, त्यावर परत जाता येत नाही. म्हणजे मुलगा सेमिस्टर अर्धं टाकून इथे येणार, वडोदरा पासपोर्ट सेवा केंद्रात नव्याने अर्ज करणार, पोलीस चौकशी होणार, पासपोर्ट आला की व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म भरणार, मुलाखतीची तारीख शोधणार. हरवलेल्या पासपोर्टमधला व्हिसा त्याच्यासोबत गेला, तो काही आपोआप नव्यावर चढत नाही. तारीख कधी मिळेल हे एजंट सांगतो का? नाही. त्याला तिकीट विकायचंय.

राग येतो मला या "करून टाका" वाल्यांचा. दुसऱ्याच्या पोराचं वर्ष पणाला लावून सल्ले देतात.

दुसरा रस्ता आहे आणि तोच आमच्या धाकटीने धरला. तिथेच राहायचं आणि भारतीय वकिलातीकडे नवीन पासपोर्टसाठी अर्ज करायचा, कारणाच्या जागी "हरवला" लिहून. टेक्सससाठी ह्यूस्टनची वकिलात आहे. वहिनींच्या मुलाला तर वकिलात शिकागोतच आहे! ईसी आणि नवीन पासपोर्ट हे दोन वेगळे अर्ज आहेत, हेच आपल्याकडे कुणाला माहीत नसतं.

"पण व्हिसा गेला ना, मग तो तिथे बेकायदेशीर झाला नाही का?" हा प्रश्न आज सकाळी तिघींनी विचारला. मीही तेव्हा हाच विचारला होता आणि आठवडाभर झोपले नव्हते. नाही झाला. व्हिसा म्हणजे दारावर दाखवायचा परवाना. आत शिरल्यावर किती दिवस राहायचं ते दुसऱ्या नोंदीवर ठरतं, तिला आय-९४ म्हणतात. ती कागदावर नसतेच, त्यांच्या संगणकात असते. धाकटीने i94.cbp.dhs.gov उघडून, "Get Most Recent I-94" दाबून ती काढली. तिच्या नोंदीत शेवटच्या तारखेच्या जागी D/S होतं, म्हणजे नियमाने पूर्ण वेळ शिकत आहे तोवर. त्यासोबत आय-२०, म्हणजे तिथे शिकते असा युनिव्हर्सिटीने दिलेला कागद, खोलीतल्या फाईलमध्ये सुरक्षित होता. हे दोन कागद शाबूत आणि वर्ग चालू, तर तिचं तिथलं राहणं पासपोर्ट हरवल्याने संपलं नव्हतं. ते संपलं असतं सेमिस्टर मध्येच सोडून आल्याने. म्हणजे मी आई असून तिला नेमकं तेच करायला सांगत होते.

ही नोंद काढायला मात्र ज्या पासपोर्टवर देशात शिरलो त्याचाच नंबर घालावा लागतो. हरवलेल्याचा! नवीन पासपोर्ट हातात आल्यावरही तिची ती जुनी नोंद जुन्याच नंबरावर उघडायची. तो नंबर कुठून आणणार? तिची झेरॉक्सची फाईल इथे दांडिया बाजारात आमच्या कपाटात, आणि त्यात व्हिसाचं पान नव्हतं, कारण झेरॉक्स व्हिसा यायच्या आधीची. मी फाईल जमिनीवर उलटी केली, दहावीच्या मार्कशीटपासून सगळं निघालं, व्हिसा नाही. मग माझ्या मोठ्या जावेला आठवलं की व्हिसा आला त्या दिवशी पोरीने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता. आम्ही पेढ्यांचे फोटो मागे मागे सरकवत गेलो आणि सापडला. पान थोडं वाकडं, कोपऱ्यात तिचा अंगठा, पण उजवीकडे खालचा व्हिसाचा लाल नंबर स्वच्छ वाचता येत होता. पासपोर्टचं पहिलं पानही त्याच दिवशी टाकलेलं, म्हणजे पासपोर्टचा नंबरही मिळाला.

त्या एका फोटोवर पुढचं सगळं उभं राहिलं. पोलिसांकडे नोंद झाली, तिचा नंबर मिळाला. पासपोर्टच्या अर्जात जुना नंबर, दिल्याची तारीख, ठिकाण भरता आलं, हरवल्याचं शपथपत्र जोडलं. आणि ज्या अमेरिकन वकिलातीने व्हिसा दिला होता त्यांना ईमेलने कळवलं की व्हिसा असलेला पासपोर्ट हरवलाय, सोबत त्या पानाचा फोटो. हे कळवणं लोक विसरतात. आपला व्हिसा दुसऱ्या कुणी वापरला तर निस्तरणार कोण?

मग वाट पाहणं. हे मी लपवणार नाही, ईसीच्या मानाने वेळ लागतो. हरवलेल्या पासपोर्टची खातरजमा भारतातून होते. आमच्याकडे एक हवालदार आले, मी चहा ठेवला, त्यांनी घेतला नाही, मुलगी इथलीच का, जुनी शेजारीण कोण, एवढं विचारून सही घेऊन गेले. साडेपाच आठवडे लागले आम्हाला. त्या साडेपाच आठवड्यांत तिच्या दोन परीक्षा झाल्या. ती वर्गात होती, घरी नव्हती.

आणि मधेच काय व्हावं? तिसऱ्या आठवड्यात पासपोर्ट सापडला! लायब्ररीतल्या खुर्चीवर तिने जाड जॅकेट टाकलं होतं, त्याच्या फाटलेल्या खिशातून आत अस्तरात उतरला होता. तिने व्हिडिओ कॉलवर दाखवला, व्हिसा जसाच्या तसा, त्यावरचा तिचा फोटो हसरा. आम्ही घरी टाळ्या वाजवल्या. तिचे बाबा म्हणाले, चला, सुटलो. ती म्हणाली, "बाबा, हा आता चालत नाही." हरवला म्हणून एकदा कळवलं की तो पासपोर्ट रद्द होतो आणि कळवलेला व्हिसाही मेला, पानावर कितीही नवा दिसू दे. तो घेऊन विमानतळावर गेली असती तर थेट अडकली असती. तिने तो भारतीय वकिलातीकडे जमा केला. त्या रात्री मी खूप रडले, उगाच नाही म्हणणार. पोरगी एकटी एवढं सगळं समजून वागत होती आणि मी इथून फक्त घाबरवत होते.

म्हणून चोरी झाली असेल तर लगेच कळवा, पण नुसता सापडत नसेल तर आधी जॅकेटचं अस्तर, बॅगेचा तळ, लायब्ररीतली हरवलेल्या वस्तूंची खिडकी, सगळं एक-दोन दिवस धुंडाळा. कळवल्यावर मागे फिरता येत नाही.

घरी ती आली, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत, नवीन पासपोर्टवर, आपल्या वेळेने. व्हिसासाठी मुंबईला पुन्हा मुलाखत द्यावी लागलीच, ते चुकत नाही, तिथे बसून नवीन व्हिसा मिळत नसतो. सोबत पोलिसांची नोंद आणि पासपोर्ट कसा हरवला त्याचं स्वतः लिहिलेलं पानभर निवेदन नेलं. पण तोवर सेमिस्टरचे मार्क हातात होते.

हो, फिरायला गेलेल्यांना ईसी ठीक आहे, हे मान्य. आठ दिवसांची टूर, परतीचं तिकीट परवाचं, त्याने नवीन पासपोर्टसाठी महिना कशाला काढायचा. तरी तिथेही नुसत्या ईसीवर भागेल असं धरून चालू नका. व्हिएतनामला आता आपल्याकडचे कितीतरी लोक जातात, तिथे ईसी मिळाल्यावर देशाबाहेर पडायची परवानगी त्यांच्या इमिग्रेशनकडून वेगळी घ्यावी लागते, कारण आत आल्याचा शिक्का हरवलेल्या पासपोर्टवर होता. आणि घरात खरंच कुणी अत्यवस्थ असेल, तर वर्ष गेलं तरी चालेल, यावंच. तेवढं मीही समजते. पण वहिनींच्या घरी, देवाच्या कृपेने, सगळे ठणठणीत आहेत.

सकाळी मी जरा चढ्या आवाजात बोलले असेन. वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर माफ करा, राग तुमच्यावर नव्हता. दुपारी परत फोन केला तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं. मुलाला युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये जायला सांगितलंय, एजंटला थांबवलंय.

आत्ता रात्री पावणेदहाला पुन्हा त्यांचा फोन होता. मुलाची आय-९४ निघत नाही, जुना पासपोर्ट नंबर कुणाकडेच नाही. मी विचारलं, व्हिसा आला तेव्हा ग्रुपवर फोटो टाकला होता का? म्हणाल्या, बघते. फोन चालूच ठेवला होता, पलीकडून त्यांच्या सूनबाईचा आवाज येत होता, "आई, अजून मागे जा, साखरपुड्याच्या आधी, अजून मागे…"