‘त्यात कसली आली विद्या?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “स्क्रीनशॉटवर तारीख-वेळ छापलेलीच असते. ती वाचायची आणि क्रम लावायचा, त्यात कसली आली विद्या? लिस्बन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे, साडेपाच नव्हे, एवढेही न तपासता आपण लिहिता. फाइलच्या नावात तर वेळ असतेच. आणि आपल्याच लेखात रात्रीची दुपार झाली आहे!”

महोदय,

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण ते खरे आहे. माझ्या लेखात 12:25 AM च्या जागी 12:25 PM पडले होते. ती टंकनातली चूक होती आणि आपली प्रतिक्रिया वाचताच मी ती दुरुस्त केली. नेमकी याच विषयावरच्या लेखात ही चूक व्हावी, याची मौज आपणास वाटली असेल, तर ती मी हिरावून घेत नाही.

मात्र ‘कसली आली विद्या’ हा सूर मला मान्य नाही. म्हापशात एका वकिलांच्या कार्यालयात मी १९ वर्षे कागद लावण्याचे काम केले. पक्षकार पिशवीभर पावत्या घेऊन येत असत तेव्हापासून ते मोबाइल पुढे करून ‘सगळे यात आहे’ म्हणू लागले तोपर्यंतचा काळ मी त्याच टेबलावर पाहिला आहे. घरबसल्या टोमणा मारणे सोपे असते. समोर दोन भाऊ बसलेले असताना, दोघांच्या हाती खरेच स्क्रीनशॉट असताना आणि तरीही दोघांचा क्रम उलटा लागत असताना काय करायचे, हे आपण एकदा सांगावे.

लेखात मी ते प्रकरण ओझरते दिले होते. आता सविस्तर देतो. बार्देशातले वडिलोपार्जित घर विकायचे होते. थोरला भाऊ इथे राहत होता आणि धाकटा लिस्बनला. थोरल्याने दलालाला विसार घेण्यास होकार कळवला आणि धाकट्याने थोरल्याला ‘माझी संमती नाही’ असे कळवले. आधी काय घडले, एवढाच प्रश्न होता. दोघांनी आपापल्या फोनवरून संभाषण निर्यात करून, ते उघडून त्याचे स्क्रीनशॉट काढले होते. पहिली ओळ थोरल्याची आणि दुसरी धाकट्याची :

```
05/03/24, 12:25 am - 
3/4/24, 8:10 PM - 
```

आपण म्हणता तसे ‘वाचून’ क्रम लावून पाहू. आपल्या सवयीने दुसरी ओळ ३ एप्रिल होते. म्हणजे होकारानंतर धाकटा जवळजवळ महिनाभर गप्प राहिला आणि मग त्याला जाग आली, असे चित्र उभे राहते; आणि महिन्याचे मौन म्हणजे मूकसंमती, असे म्हणायला समोरचा वकील टपलेलाच असतो. धाकट्याच्या फोनवर मात्र प्रदेश अमेरिकेचा निवडलेला होता, त्यामुळे महिना आधी आणि दिवस नंतर. ती तारीख ४ मार्च होती. वर्षातल्या १३२ तारखा अशा दोन्ही बाजूंनी वाचता येतात, कारण दिवसाचा आकडा बारापर्यंतचा असला आणि महिन्याच्या आकड्याहून वेगळा असला, की फसगतीला जागा मिळते. खात्री करण्यासाठी त्याच निर्यातीत पुढे सरकावे लागते. तिथे `3/14/24` अशी ओळ सापडली, आणि चौदावा महिना कोणत्याच पंचांगात नाही.

आता ४ मार्चची रात्र ८:१० ही वेळ ५ मार्चच्या 12:25 am च्या आधी येते. म्हणजे नकार सव्वाचार तास आधी मिळाला आणि थोरल्याने तो दडपला, असे दिसते. धाकट्याच्या बायकोने हेच म्हणून घर डोक्यावर घेतले होते. परंतु ८:१० ही लिस्बनची वेळ होती. फोन संदेशाची वेळ स्वतःच्या त्या क्षणीच्या घड्याळाप्रमाणे दाखवतो आणि स्क्रीनशॉटवर कोणत्या गावची वेळ हे लिहिलेले नसते. थोरल्याच्या फोनवर तोच नकार असा होता :

```
05/03/24, 1:40 am - 
```

होकार 12:25 ला आणि नकार 1:40 ला. म्हणजे नकार सव्वा तास उशिरा पोहोचला. थोरल्याने काही दडपले नव्हते.

आणि इथेच आपले साडेचार तास येतात. पोर्तुगालची घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. २०२४ मध्ये मार्चमधला तो रविवार ३१ तारखेला होता. म्हणजे आपला आकडा उन्हाळ्यापुरता बरोबर आहे आणि ४ मार्चसाठी चूक. तारीख चुकली की वेळेचा फरकही तिच्यामागोमाग चुकतो, हे आपल्या लक्षात आलेले दिसत नाही. उलट हाच फरक साक्षीला उभा करता येतो. नकार खरोखर ३ एप्रिलचा असता, तर थोरल्याच्या फोनवर ४ एप्रिल, 12:40 am असे दिसले असते. ८:१० ते १:४० हे अंतर साडेपाच तासांचे आहे, म्हणून लिस्बनमध्ये पाठवलेला तो संदेश ३१ मार्चच्या आधीचाच ठरतो. `3/14/24` ही ओळ नसती तरी चालले असते. (एवढ्यावरून मला पोर्तुगालचे घड्याळ ठाऊक नाही असे कसे म्हणता? माझी थोरली बहीण तिथे ११ वर्षे आहे, आणि मार्चअखेरीस तिच्या फोनच्या वेळा बदलतात हे आमच्या घरी पोरासोरांना माहीत आहे.)

बारा वाजण्याची गोष्ट उरते. थोरल्याची 12:25 am ही ओळ कोणीतरी तक्त्यात ‘५ तारीख, दुपारी १२:२५’ अशी उतरवली होती. तसे धरले तर 1:40 am चा नकार आधी पोहोचतो आणि थोरला पुन्हा खोटा ठरतो. त्याचे तोंडी म्हणणे होते, ‘चार तारखेच्या रात्री साडेबाराच्या सुमारास दलालाला कळवले’, आणि फोनवर तर पाच तारीख. लोकांनी ही विसंगती धरली. पण आपण रात्र आदल्या दिवसाच्या नावाने मोजतो आणि घड्याळ मध्यरात्री तारीख बदलते, एवढाच त्यातला भेद होता. am ही दोन अक्षरे तक्ता करताना गळाली की असा घोटाळा होतो. म्हणून मी पहिल्या रकान्यात स्क्रीनशॉटवरची ओळ जशीच्या तशी लिहितो आणि दुसऱ्या रकान्यात चोवीस तासांच्या घड्याळात, महिन्याचे नाव अक्षरी लिहून, भारतीय वेळ : ५ मार्च, ००:२५, ५ मार्च, ०१:४०.

फाइलच्या नावाबद्दल फार लिहीत नाही. `Screenshot_20241228-113005.png` या नावातली वेळ स्क्रीनशॉट कधी काढला ती आहे, संदेश कधी आला ती नव्हे. तरी एक सांगतो. ही फाइल धाकट्यानेच डिसेंबरात गावी आल्यावर, संभाषण पुन्हा निर्यात करून काढली होती. फोन भारतीय वेळेवर आलेला असल्याने त्यात तोच नकार `3/5/24, 1:40 AM` असा दिसत होता. एकाच फोनचे दोन स्क्रीनशॉट, तोच संदेश, आणि तारीखही वेगळी! ‘खाडाखोड केली’ असा आरोप तेव्हा त्याच्यावर झाला, आणि आरोप करणाऱ्यांनीही, महोदय, छापलेलेच वाचले होते.