शहरं बेचिराख केली की लोक शरण येतात?

गेली काही वर्षं कुठेही युद्ध पेटलं की बातमीखाली एक वाक्य हमखास दिसतं. "एकदा त्यांची शहरं बेचिराख करा, आठ दिवसांत गुडघ्यावर येतात की नाही बघा." लिहिणारे चांगले शिकलेले लोक असतात, काही माझ्या ओळखीचेही आहेत. मला हे वाक्य अस्वस्थ करतं. एक तर त्यात माणसं दिसत नाहीत. शिवाय हा प्रयोग एकदा पूर्ण ताकदीने करून झालेला आहे आणि त्याचा हिशोबही नीट तपासला गेला आहे. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धात जर्मनीवर तो केला. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

ब्रिटिश हवाई दलाने सुरुवातीपासून शहरंच जाळायची असं ठरवलं होतं का? तसं नव्हतं. कारखाने, तेलाचे साठे, रेल्वेची जंक्शनं यांवर नेमका मारा करायचे बेत होते. दिवसा गेलं की जर्मन लढाऊ विमानं फडशा पाडायची, म्हणून रात्री जायला लागले. परत आलेले वैमानिक 'लक्ष्यावर बॉम्ब टाकले' असं सांगत आणि सगळे त्यावर विश्वास ठेवत. ऑगस्ट १९४१ मध्ये डेव्हिड बट नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने बॉम्ब टाकताना काढलेले शेकडो फोटो तपासले. जी विमानं लक्ष्यावर पोचलो म्हणत होती, त्यांतलं तीनातलं एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत होतं. रुर या धुराने झाकलेल्या औद्योगिक पट्ट्यात तर दहातलं एक.

म्हणजे कारखाना सोडा, कारखान्याचं गावही सापडत नव्हतं. पण त्या वेळी जर्मनीवर थेट घाव घालायला ब्रिटनकडे दुसरं काहीच नव्हतं, आणि अंधारात सापडेल एवढं मोठं लक्ष्य एकच होतं, अख्खं शहर. फेब्रुवारी १९४२ मध्ये आदेश निघाला, की आता मुख्य रोख शत्रूच्या नागरिकांच्या, विशेषतः कामगारांच्या मनोधैर्यावर ठेवायचा. त्याच महिन्यात आर्थर हॅरिस बॉम्बर कमांडचे, म्हणजे हवाई दलाच्या बॉम्बफेकी विमानांच्या विभागाचे, प्रमुख झाले. बॉम्बहल्ल्याने माणसं खचतात ही कल्पना १९२० च्या दशकापासून हवाई दलांत रुजलेली होतीच. पण माझं स्पष्ट मत आहे, की शहरांवर वळण्यामागे नेम न लागणं हे मोठं कारण होतं, आणि मनोधैर्याच्या सिद्धांताने त्याला तात्त्विक आधार दिला.

यातला सर्वांत चीड आणणारा भाग पुढे आहे. ३० मार्च १९४२ रोजी चर्चिल यांचे वैज्ञानिक सल्लागार फ्रेडरिक लिंडेमन यांनी त्यांना एक छोटं टिपण दिलं. हिशोब असा: एक बॉम्बर पाडला जाण्याआधी साधारण १४ फेऱ्या करतो, त्यात ४० टन बॉम्ब टाकतो आणि चार ते आठ हजार माणसांना बेघर करतो. असे हजारो बॉम्बर जर्मनीच्या ५८ मोठ्या शहरांवर पाठवले, तर देशाच्या एक तृतीयांश लोकांच्या डोक्यावरचं छप्पर जाईल. आणि घर जाणं माणसाला आप्त गमावण्यापेक्षाही जास्त लागतं, असं पाहणीतून दिसतं म्हणे.

ही पाहणी इंग्लंडमधल्याच हल आणि बर्मिंगहॅम या बॉम्ब झेललेल्या शहरांची होती. सॉली झुकरमन आणि जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञांच्या चमूने ती केली. कामावरची गैरहजेरी, आजारपण, स्थलांतर असं सगळं तपासलं, अगदी हलच्या शाळकरी मुलांकडून हवाई हल्ल्यांवर निबंधही लिहून घेतले. त्यांचा निष्कर्ष काय? दोन्ही शहरांत मनोधैर्य कोलमडल्याचा पुरावा नाही. लिंडेमन यांनी टिपण दिलं तेव्हा हा अहवाल अजून पुरा व्हायचा होता, आणि त्याच पाहणीच्या नावावर उलटं अनुमान वर गेलं. हेन्री टिझर्ड आणि पॅट्रिक ब्लॅकेट या शास्त्रज्ञांनी लिंडेमन यांचे आकडे कित्येक पट फुगलेले असल्याचं सांगितलं. ऐकलं गेलं नाही. जे स्वतःच्या लोकांच्या बाबतीत घडलं नव्हतं, ते जर्मनांच्या बाबतीत नक्की घडेल असं धरून चालले.

मग जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्ग. २७ जुलैच्या रात्री सातशेहून जास्त विमानांनी शहराच्या पूर्वेकडच्या कामगार वस्त्यांवर बॉम्ब टाकले. हवा उष्ण आणि कोरडी होती, आणि अग्निशमन दल आधीच्या हल्ल्याच्या आगी विझवत शहराच्या दुसऱ्या टोकाला गुंतलेलं. हॅमरब्रुक, हॅम, रोथेनबुर्गसोर्ट या दाट वस्त्यांतल्या आगी एकमेकींत मिसळल्या. तापलेली हवा वर उसळली आणि तिची जागा घ्यायला चारी बाजूंनी वादळासारखा वारा आत ओढला गेला. रस्त्यावरचं डांबर वितळलं. तळघरांत लपलेले कितीतरी लोक ज्वाळांनी नव्हे, आगीतून निघालेल्या विषारी वायूने गेले. त्या आठवडाभरात सुमारे ३७ हजार माणसं मेली आणि नऊ लाखांच्या आसपास शहर सोडून गेली.

मनोधैर्य मोडायचं तर ते इथेच मोडायला हवं होतं. खुद्द शस्त्रास्त्र मंत्री श्पेअर यांनी हिटलरला सांगितलं, की अशी आणखी सहा शहरं गेली तर उत्पादन थांबेल. पण झालं काय? सरकारने विशेष गाड्या सोडल्या, अन्नछत्रं उघडली, जादा शिधा वाटला. लोक हळूहळू परतले आणि पाचेक महिन्यांत शहराचं उत्पादन पूर्वीच्या सुमारे ८० टक्क्यांवर आलं. जर्मनीचं एकूण शस्त्र-उत्पादन १९४४ च्या उन्हाळ्यात सर्वाधिक होतं.

युद्धानंतर अमेरिकेच्या बॉम्बहल्ला सर्वेक्षणाने हजारो जर्मन नागरिकांच्या मुलाखती घेतल्या. बॉम्बचा परिणाम झाला नाही असं त्यातून दिसत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. लोक खचले होते. विजयावरचा आणि नेत्यांवरचा विश्वास उडत चालला होता. पण मध्यम बॉम्बहल्ला झालेल्या शहरांपेक्षा प्रचंड हल्ला झालेल्या शहरांतलं मनोधैर्य फारसं वेगळं नव्हतं. एका मर्यादेनंतर माणूस बधिर होतो. आणि खचलेला माणूसही सकाळी कामावर जात होता. ज्याचं घर गेलं त्याला रेशन कार्ड, पांघरूण, डोकं टेकायला जागा कोण देणार? तेच सरकार. तक्रार केली तर गुप्त पोलीस, म्हणजे गेस्टापो. बंड करायला वेळ, ताकद आणि संघटना लागते. रात्र तळघरात काढून सकाळी पाण्याच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बाईकडे यातलं काय असणार?

बॉम्बहल्ले सर्वस्वी वाया गेले असं मात्र मी म्हणत नाही. हजारो विमानविरोधी तोफा आणि जर्मनीची बरीच लढाऊ विमानं आघाड्यांऐवजी मायदेशी अडकून पडली. १९४४ च्या मे महिन्यापासून कृत्रिम तेलाच्या कारखान्यांवर मारा झाला, तेव्हा विमानांना पेट्रोल मिळेनासं झालं. पण हे परिणाम तोफा अडकल्याचे आणि तेल आटल्याचे आहेत. लोकांनी सरकार उलथवल्याचे नाहीत.

इटलीचं उदाहरण कुणीतरी देईलच, म्हणून आधीच लिहितो. १९ जुलै १९४३ ला रोमवर बॉम्ब पडले आणि २५ जुलैला मुसोलिनीची सत्ता गेली, हे खरं. पण दोस्त सैन्य तेव्हा सिसिलीत उतरलेलं होतं, उत्तर आफ्रिकेतली फौज संपली होती, आणि मुसोलिनीला हटवलं ते त्याच्याच फॅसिस्ट परिषदेने आणि राजाने, रस्त्यावरच्या लोकांनी नव्हे. इटलीचं सरकार धड आसरे आणि अन्नही पुरवू शकत नव्हतं, त्यामुळे लोकांचा राग त्याच्यावर वळला. जर्मनीत सरकारची पकडही होती आणि अन्नछत्रंही. तिथे शेवटी शरणागती आली ती रशियन सैन्य बर्लिनच्या गल्ल्यांत शिरल्यावर. आणि या सगळ्यात बॉम्बर कमांडचेही ५५ हजारांहून जास्त तरुण वैमानिक आणि त्यांचे साथीदार मेले होते.