ओल्या केसांवर डाय: कुठला चालतो, कुठला नाही

“डाय कुठलाही असो, केस ओले करून लावा, रंग जास्त चढतो.”

सरसकट खरं नाही. डेव्हलपर, म्हणजे रंग उमटवणारं पेरॉक्साइडचं द्रावण, मिसळून लावायचा पर्मनंट डाय सहसा कोरड्या केसांवरच लावावा. केसांतल्या पाण्याने मिश्रण पातळ होतं. मग कानशिलावरचे चिवट पांढरे केस नीट झाकले जात नाहीत, आणि रंग कपाळावर ओघळतो तो वेगळाच. बिनडेव्हलपरचा सेमी-पर्मनंट रंग मात्र शाम्पूनंतर टॉवेलने टिपलेल्या केसांवर छान, एकसारखा पसरतो. सेमीपेक्षा जास्त टिकणारे काही डेमी-पर्मनंट रंगही असेच लावतात, पण ते पाकिटावरची सूचना वाचूनच ठरवा.

टिपलेले म्हणजे किती? बट मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, थेंब पडू नये. पडलाच तर पुन्हा टिपा.